एका पाइंटात एवढी चढत नाही: पेयात काही मिसळल्याचा संशय आला तर पहिल्या बारा तासांत काय करायचं

छत्रपती संभाजीनगरात जालना रोडवरच्या एका हॉटेलात कॉलेजच्या निरोपाची पार्टी चालू आहे, असं धरू. 22 वर्षांची, 52 किलो वजनाची एक मुलगी रात्री आठ वाजता बिअरची 330 मिलीची एक पाइंट घेते. साधी, 5 टक्क्यांची. पाऊण तासात तिची जीभ जड होते, उठताना पाय लटपटतात आणि नऊच्या सुमाराला ती टेबलावर डोकं टेकून पडते. सोबतची मंडळी म्हणतात, "सवय नाही ना तिला, चढली." मग कुणीतरी "मी सोडतो हिला रूमवर" म्हणून पुढे येतं.

इथे थांबून एक साधा हिशोब करायला हवा. तो करायला दोन मिनिटं लागतात आणि पुढचं सगळं त्यावर ठरतं.

330 मिली बिअरमध्ये 5 टक्के अल्कोहोल म्हणजे साधारण 16 मिली, वजनात 13 ग्रॅम. बाईच्या शरीरात अल्कोहोल ज्या पाण्यात पसरतं ते वजनाच्या साधारण 55 टक्के असतं. 52 किलोच्या मुलीत ते 28 ते 29 लिटर भरतं. 13 ग्रॅम त्यात पसरले तर 100 मिली रक्तात फार तर 45 मिलिग्रॅम अल्कोहोल येतं, तेही रिकाम्या पोटी आणि एका दमात प्यायली तर. पोटात जेवण असेल तर त्याहूनही कमी. आपल्याकडे गाडी चालवण्यासाठी कायद्याची मर्यादा 30 आहे, म्हणजे तिने गाडीला हात लावू नये हे खरं. पण 45 ला माणूस जास्त बोलतो, हसतो, गाल गरम होतात. जीभ अडखळणं, पाय न ठरणं हे बहुतेकांत 100 ते 150 च्या आसपास दिसतं. बसल्या जागी शुद्ध हरपायला सहसा 200 च्या पुढे जावं लागतं. सवय नसलेल्या माणसाला थोडी लवकर चढते, पण एवढा फरक नुसत्या सवयीने पडत नाही.

म्हणजे पोटात गेलेलं आणि अंगावर दिसणारं यांचा मेळ बसत नाही. पेयात काहीतरी मिसळलं गेल्याची सगळ्यात भरवशाची खूण हीच आहे. रंग, वास, चव यांच्यावर विसंबून चालत नाही.

हिशोब करताना एक गोष्ट लक्षात ठेवायची. स्ट्राँग बिअर 8 टक्क्यांपर्यंत असते आणि मोठी बाटली 650 मिलीची. अशा एका बाटलीत सुमारे 41 ग्रॅम अल्कोहोल असतं, म्हणजे व्हिस्कीचे 30 मिलीचे चार पेग. तेव्हा "एकच बिअर घेतली होती" हे ऐकून लगेच निष्कर्ष काढू नका. कोणती, किती मिलीची, किती वेळात, हे विचारा. बाटली समोर असेल तर लेबल वाचा. आणि ज्याने दारूला हातच लावला नाही, फक्त कोल्ड्रिंक, उसाचा रस किंवा चहा घेतला, त्याचा तोल जात असेल तर हिशोबाचीही गरज नाही. तिथे संशय थेट घ्यायचा.

मेळ बसत नाही म्हणजे नक्की काय झालं असेल? जगभर अशा संशयित प्रकरणांच्या तपासण्यांत सगळ्यात जास्त वेळा सापडतं ते अल्कोहोलच. कोल्ड्रिंकच्या किंवा ज्यूसच्या ग्लासात कुणी 90 मिली व्होडका ओतली तर त्यातून 30 ग्रॅम अल्कोहोल जातं. वरच्या मुलीच्या 13 ग्रॅममध्ये ते मिळवा, आकडा 150 वर जातो. ज्याने कधी दारू चाखलीच नाही त्याला थंड, गोड पेयात ती चव ओळखू येईलच असं नाही. हेही मिसळणंच झालं. "थोडी दारूच तर टाकली, गंमत म्हणून" असं म्हणणाऱ्याला सोडून देऊ नका.

दुसरी शक्यता झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्यांची. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम या घराघरातल्या औषधांच्या डब्यात सापडणाऱ्या गोळ्या. त्या दारूबरोबर पोटात गेल्या की दोन्हींचा असर एकमेकांना वाढवतो आणि श्वास मंदावण्याचा खरा धोका उभा राहतो. ग्रामीण भागात आणि प्रवासात आणखी एक गोष्ट आठवणीत ठेवावी लागते ती म्हणजे धोतरा. त्याचं बी खाण्यापिण्यातून देऊन प्रवाशाला लुटण्याचे प्रकार आपल्या देशात फार जुने आहेत. परभणी, नांदेडकडून रात्रीच्या गाडीने निघालेल्या माणसाला शेजाऱ्याने चहा, पेढा किंवा बिस्किट दिलं आणि तासाभरात तो बरळायला लागला, तर धोतरा डोक्यात यायला हवा.

धोतऱ्याची लक्षणं वेगळी असतात म्हणून जरा थांबून सांगतो. गोळ्यांनी माणूस ढिला पडतो, झोपाळतो. धोतऱ्याने तो अस्वस्थ होतो. तोंडाला कोरड पडते, चेहरा लाल आणि अंग तापलेलं पण घाम नाही, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, नाडी जोरात पळते. हवेत काहीतरी पकडल्यासारखे हात फिरवतो, नसलेल्या माणसाशी बोलतो. लघवी अडते. अशा माणसाला लोक "बाहेरची बाधा" किंवा वेड समजून भलतीकडे नेतात. त्याची जागा दवाखान्यात आहे.

तिसरी शक्यता कुणीच काही केलेलं नसण्याची. सर्दीची किंवा अॅलर्जीची झोप आणणारी गोळी, फिटचं औषध घेऊन वर दारू घेतली तरी असंच चित्र दिसतं. मधुमेह्याची साखर उतरली तरी तो दारू प्यायल्यासारखा बोलतो. पडून डोक्याला मार लागला असला तरी तसंच. म्हणून दवाखान्यात पहिल्यांदा बोटातून रक्त घेऊन साखर बघतात. यातली कोणतीही गोष्ट असली तरी पुढची पावलं तीच राहतात. कुणी मिसळलं की नाही हे तुम्ही जागेवर ठरवायची गरज नाही.

ओळखता का येत नाही

लक्षणं दारूसारखी असतात हे एक कारण. पण त्याहून मोठा घोटाळा आठवणीचा आहे. या गोळ्या आणि जास्त दारू मेंदूचं नव्या आठवणी साठवायचं काम बंद पाडतात, चालणं-बोलणं मात्र बराच वेळ चालू राहतं. पेन कागदावर फिरतंय पण आत शाई नाही, तसं. माणूस मोबाईलवर बोलतो, जिना उतरतो, कुणाच्या तरी गाडीवर बसतो, आणि सकाळी त्यातलं काहीही आठवत नाही. बघणारे शपथेवर सांगतात, "ती स्वतःच्या पायांनी गेली, चांगली बोलत होती." दोन्ही बाजू खरं बोलत असतात. त्यामुळे "आठवत नाही म्हणजे खोटं बोलतेय" हे अनुमान चूक, आणि "चालत गेली म्हणजे शुद्धीत होती" हेही तितकंच चूक.

त्यात असर लगेच दिसत नाही. साधारण अर्ध्या तासाने, पोट भरलेलं असेल तर आणखी उशिरा दिसतो. भांगेच्या थंडाईचा तर दीड-दोन तासांनी चढतो. तोवर ग्लास बदललेला असतो, टेबल पुसलेलं असतं, आणि संशय भलत्याच माणसावर जातो.

आणि शेवटचं कारण आपल्या घरांतलं. मुलगी पार्टीला गेली होती, हे घरी कळेल. महाराष्ट्रात बिअरसाठी 21 आणि कडक दारूसाठी 25 वर्षं वय लागतं, तेवढं नसलं तर पोलिसांची भीती. या भीतीपोटी सकाळपर्यंत वाट पाहिली जाते. रक्तातलं औषध मात्र कुणाची वाट पाहत नाही.

त्याच क्षणी, त्याच टेबलावर

पेय बाजूला ठेवा, फेकू नका. ग्लासातलं उरलेलं झाकण लागणाऱ्या स्वच्छ बाटलीत ओतून ठेवलं तर पुढे तपासाला उपयोगी पडतं. ते चाखून बघू नका. रंग बदलणाऱ्या पट्ट्या ऑनलाइन मिळतात, त्यावर भरवसा ठेवू नका. त्या मोजकीच औषधं ओळखतात, आणि नुसती दारू वाढवलेली असेल तर काहीच दाखवत नाहीत.

त्या व्यक्तीला एकटं सोडू नका. बाथरूमलाही एकटं नाही. रिक्षात एकटीला बसवून देऊ नका. "मी सोडतो" म्हणणारा कितीही ओळखीचा असला तरी सोबत दोघंजण हवेत, त्यातली एक तिच्या भरवशाची मैत्रीण किंवा नातेवाईक. मिसळणारा बहुतेक वेळा अनोळखी नसतो.

कॉफी, लिंबूपाणी, ताक, काहीही पाजू नका. बोटं घालून उलटी करवू नका. अर्धवट शुद्धीतल्या माणसाला गिळता नीट येत नाही आणि ते फुप्फुसात जातं. थंड पाण्याखाली बसवणं, धरून चालवणं याने उतरत नाही. पडलेल्या माणसाला कुशीवर झोपवा. वरचा गुडघा दुमडून पुढे आणा म्हणजे तो उताणा वळणार नाही, मान किंचित मागे, तोंड खालच्या बाजूला, म्हणजे उलटी झाली तर बाहेर पडेल.

मग घड्याळ लावून एक मिनिट श्वास मोजा. छाती किती वेळा वर येते ते बघायचं. निरोगी मोठ्या माणसाचे मिनिटाला 12 ते 20 असतात. 8 च्या खाली आले, दोन श्वासांत दहा सेकंदांचं अंतर पडलं, ओठ निळसर पडले, घोरण्यासारखा घरघर आवाज येऊ लागला, किंवा छातीच्या मधल्या हाडावर बोटांची पेरं जोरात चोळूनही तो डोळे उघडत नसेल, तर तुमची गाडी शोधत बसू नका. 108 ला फोन करा, नाही लागला तर 112. "बेशुद्ध आहे, श्वास कमी आहे" हे दोन शब्द आधी सांगा, पत्ता नंतर. श्वास पूर्ण थांबला तर छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनी मिनिटाला 100 ते 120 या गतीने, दोन इंच खाली जाईल असं दाबत राहा, गाडी येईपर्यंत. ट्रेनमध्ये असाल तर 139.

"झोपू द्या, सकाळी उतरेल" हे वाक्य सगळ्यात घातक आहे. पोटातलं शेवटचं पेय अजून रक्तात मिसळत असतं. झोपल्यानंतरही आकडा वर जात राहतो आणि श्वास मंदावत जातो.

दवाखान्यात, आणि पहिली लघवी

शुद्धीत असेल, श्वास ठीक असेल, तरी दवाखान्यात जायचं. छत्रपती संभाजीनगरात घाटी हे सरकारी रुग्णालय आहे, लातूर, नांदेड आणि अंबाजोगाईला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. लांब असाल तर आधी जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जीव सावरून घ्या. खासगी दवाखान्यातही "पोलीस आल्याशिवाय हात लावणार नाही" असं कुणी म्हणू शकत नाही. आधी उपचार, मग कागद, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात 1989 सालीच स्पष्ट केलं आहे. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर सरकारी-खासगी सगळ्या दवाखान्यांनी मोफत उपचार द्यायचे, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 397 मध्ये आहे.

डॉक्टरांना नुसतं "दारू जास्त झाली" असं सांगितलं तर ते सलाईन लावतील आणि सकाळी घरी पाठवतील. त्यांचा दोष नाही, तुम्ही तेवढंच सांगितलंत. नीट शब्दांत सांगा: "डॉक्टरसाहेब, आठ वाजता 330 मिलीची एक पाइंट घेतली, पावणेनऊला तोल गेला. कुणीतरी गुंगीचं औषध दिल्याचा संशय आहे. एमएलसी करा, रक्त आणि लघवीचा नमुना घ्या." एमएलसी म्हणजे पोलिसांना कळवायचं प्रकरण म्हणून दवाखान्याने केलेली नोंद. घरातली नेहमीची औषधं कोणती चालू आहेत तेही त्याच वेळी सांगा.

आता नमुन्यांचं, कारण बरीच प्रकरणं इथे सैल पडतात. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या रक्तात साधारण एक दिवस आणि लघवीत दोन-तीन दिवस सापडू शकतात. जीएचबी नावाचं गुंगीचं औषध मात्र रक्तातून सहा-आठ तासांत आणि लघवीतून बारा तासांच्या आसपास नाहीसं होतं. दारू 100 मिली रक्तामागे तासाला 15 ते 20 मिलिग्रॅमच्या वेगाने उतरते. म्हणजे रात्री नऊला 150 असलेला आकडा सकाळी सातपर्यंत शून्याजवळ येऊ शकतो. म्हणून घटनेनंतरची पहिली लघवी सोन्याची. दवाखाना अर्ध्या तासाच्या अंतरावर असेल तर तोवर धरून ठेवायची. जमत नसेल तर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या लघवी तपासणीच्या डबीत, नाहीतर धुतलेल्या कोरड्या बाटलीत, शक्य तेवढी सगळी घ्या. झाकण घट्ट लावा, वर नाव, तारीख आणि वेळ लिहा, पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा. घरी घेतलेल्या नमुन्यावर न्यायालयात प्रश्न उभे राहतात, कारण मध्ये तो कुणाच्या हातात होता हे सिद्ध करावं लागतं. म्हणून दवाखान्यात नवीन नमुनाही द्यायचाच. पण पहिला फेकलात तर मागे काहीच उरत नाही.

रक्त घेताना कातडी स्पिरिटच्या बोळ्याने पुसली तर अल्कोहोलच्या आकड्यावर वकील बोट ठेवतो. साबणपाण्याने किंवा अल्कोहोल नसलेल्या द्रावणाने पुसायला सांगा. नळी करड्या झाकणाची हवी, तिच्यात सोडियम फ्लोराइड असतं, त्याने नमुन्यातलं अल्कोहोल वाढत-घटत नाही. नर्सताईंना घाईत हे आठवेलच असं नाही, नम्रपणे विचारायला हरकत नाही.

लैंगिक अत्याचाराचा थोडा जरी संशय असेल तर अंघोळ करू नका, कपडे धुऊ नका. कपडे प्लास्टिकच्या पिशवीत कोंबले तर ओल धरून बुरशी येते आणि पुरावा जातो. प्रत्येक कपडा वेगळ्या कागदात, घरातलं वर्तमानपत्रही चालेल, गुंडाळून न्या. गर्भधारणा टाळायची गोळी आणि एचआयव्ही रोखण्याची औषधं 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी चांगली. ही तपासणी आणि उपचार आधी, एफआयआर नंतर, असंही चालतं. संमती त्या मुलीची लागते, आणि ती पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत सहीसाठी घाई करू नये. वय 18 च्या आत असेल तर मात्र पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

"निगेटिव्ह" आला तर

दवाखान्यात लघवीत पट्टी बुडवून पाच मिनिटांत जी तपासणी होते, ती अनेकदा क्लोनाझेपाम आणि लोराझेपाम चुकवते. जीएचबी, झोपेची झोल्पिडेम, केटामाइन हे तर बहुतेक पट्ट्यांवर नसतंच. त्यामुळे पट्टी निगेटिव्ह आली म्हणजे काही दिलं नव्हतं, असं ठरत नाही. "काही निघालं नाही, जा आता" असं कुणी म्हटलं तरी नमुने सील करून घ्या. पुढची खरी तपासणी न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत होते. आपल्या भागात अशा प्रयोगशाळा छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडला आहेत. तिथे नमुना पोलिसांमार्फतच जातो. सोबतच्या पत्रात "गुंगीच्या औषधांसाठीही तपासणी" असं लिहिलेलं आहे का ते बघून घ्या. नुसतं "अल्कोहोल" लिहिलं असेल तर प्रयोगशाळा तेवढंच तपासू शकते.

तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, घटना त्यांच्या हद्दीत नसली तरी. तिला शून्य क्रमांकाचा एफआयआर म्हणतात, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये तो स्पष्ट आहे. गुन्हा करण्याच्या हेतूने कुणाला गुंगी आणणारं काही पाजणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 123 खाली स्वतंत्र गुन्हा आहे, शिक्षा दहा वर्षांपर्यंत. पुढे चोरी किंवा अत्याचार घडला नसला तरी हे कलम लागू शकतं. नशेत दिलेल्या "हो"ला कायदा संमती मानत नाही, मग ती नशा समोरच्याने चढवलेली असो की स्वतः घेतलेली. नेमकं काय चाललंय हे कळण्याच्या अवस्थेत ती नव्हती, एवढं पुरे असतं. एकट्याने ठाण्यात जायला धीर होत नसेल तर 181 वर फोन करा, जिल्ह्यातल्या सखी वन स्टॉप सेंटरची माणसं सोबत येतात.

शुद्धीवर आल्यावर, कुणाशी चर्चा करायच्या आधी, आठवतंय तेवढं कागदावर उतरवा: शेवटचं स्पष्ट आठवणारं दृश्य, वेळ, कोण शेजारी होतं, ग्लास कुणी आणला. दुसऱ्यांनी सांगितलेलं वेगळं लिहा. मेंदू रिकाम्या जागा ऐकलेल्या गोष्टींनी भरतो आणि नंतर दोन्हींतला फरक कळत नाही. हॉटेलचं बिल, यूपीआयच्या व्यवहारांच्या वेळा, रिक्षाच्या अॅपवरची फेरी, ग्रुपवरचे फोटो, सगळं जपून ठेवा. त्या वेळा जोडल्या की पाइंट कधी आली आणि तोल कधी गेला याचा हिशोब कागदावर उभा राहतो. आणि सीसीटीव्हीचं फुटेज लगेच मागायला लावा. हॉटेलांच्या डीव्हीआरमध्ये जुनं चित्रण आपोआप पुसून त्यावर नवं चढत जातं, किती दिवसांनी ते हार्डडिस्कवर अवलंबून असतं, काही ठिकाणी दोन आठवडेही टिकत नाही. तक्रार देतानाच तपास अधिकाऱ्यांना लेखी विनंती करा की फुटेज जपून ठेवण्याचं पत्र आजच हॉटेलला द्यावं, आणि त्या विनंतीची पोच घ्या.